धागा : करंट रेशो 1.40 वरून 1.10 वर, माल 67 दिवसांवरून 98 दिवसांवर. बँकेला उत्तर काय द्यावं?

जमाखर्ची

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्मचे हिशेब पाहतो. फौंड्रीतून कास्टिंग घेऊन मशीनिंग करतात आणि पंपाचे सुटे भाग दोन मोठ्या गिऱ्हाइकांना देतात. सीसीच्या, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याच्या, नूतनीकरणाला ताळेबंद दिला, तर बँकेने दोन ओळींचा प्रश्न पाठवला: करंट रेशो का घसरला आणि माल एवढा का पडून आहे?

आकडे लाखात, आधी 31 मार्च 2024 आणि मग 31 मार्च 2025:

विक्री 612, 648
विकलेल्या मालाचा खर्च 480, 516
माल 88, 139
येणी 102, 112
बाकी चालू मालमत्ता 14, 15
सीसी 60, 98
धनको 62, 104
टर्म लोनचे पुढच्या बारा महिन्यांतले हप्ते 10, 22
इतर देणी 14, 18

म्हणजे चालू मालमत्ता 204 ची 266 झाली आणि चालू देणी 146 ची 242. मालकांचं म्हणणं, "माल वाढला म्हणून रेशो पडला, लिहून टाका." मला ते पटत नाही, पण नेमकं कुठे चुकतंय तेही सांगता येत नाही.

अर्धाकप

मालकांचं वाक्य उलटं आहे. माल ही चालू मालमत्ताच ना? ती वाढली तर रेशो वर जायला हवा. एक तर आकडे टाकताना चूक झाली आहे, नाहीतर धनको दोनदा आलेत. आधी ट्रायल बॅलन्स तपासा.

माजी_कर्जअधिकारी

अर्धाकप, माल वाढला की मालमत्ता वाढते हे बरोबर. पण तो माल कुणाच्या पैशाने घेतला हे तुम्ही सोडून दिलंत. उधारीवर किंवा सीसीतून घेतला असेल तर वरचा आणि खालचा आकडा सारखाच वाढतो. रेशो एकच्या वर असताना दोन्हीकडे सारखी रक्कम मिळवली की तो एककडे सरकतो. याच ताळेबंदात करून बघा: 204 भागिले 146 म्हणजे 1.40. दोन्हीकडे 51 मिळवा, म्हणजे मालातली नुसती वाढ. 255 भागिले 197, झाले 1.29. फर्मचं एक रुपयानेही नुकसान झालेलं नाही, तरी रेशो अकरा पैशांनी खाली.

म्हणून मालकांचं म्हणणं 1.29 पर्यंत खरं आहे. तुम्ही मात्र 1.10 वर आहात. खालची घसरण मालाने झालेली नाही. ती ओळखायची तर रेशो बाजूला ठेवा आणि नुसती वजाबाकी करा. गेल्या वर्षी 204 वजा 146, म्हणजे 58. यंदा 266 वजा 242, म्हणजे 24. उधारीवर घेतलेल्या मालाने ही वजाबाकी हलत नाही. ती 34 लाखांनी कमी झाली, म्हणजे धंद्यात फिरणारे 34 लाख कुठेतरी कायमचे रुतलेत. जमाखर्ची, गेल्या वर्षी नवीन मशीन घेतलं का?

जमाखर्ची

हो. व्हीएमसी, जीएसटी सोडून 75 लाख. टर्म लोन 45 मिळालं. बाकीचे 30 "आपल्याकडचे" घातले.

माजी_कर्जअधिकारी

"आपल्याकडचे" म्हणजे सीसी खात्यातले, हे आता स्पष्टच आहे. अजून तीन आकडे द्या: कर वजा जाता नफा, घसारा आणि भागीदारांची उचल. शिवाय टर्म लोनचा वर्षापलीकडचा हिस्सा आधी किती होता, आता किती आहे?

जमाखर्ची

नफा 21, घसारा 16, उचल 19. टर्म लोनचा लांबचा हिस्सा 30 होता, आता 53.

माजी_कर्जअधिकारी

मग हिशेब जुळतो. लांब मुदतीचे पैसे आले ते असे: नफा 21, घसारा 16 आणि कर्जाच्या लांबच्या हिश्श्यातली वाढ 23. एकूण 60. गेले ते मशीनला 75 आणि उचलीला 19, एकूण 94. फरक बरोबर 34.

कर्ज 45 चं असताना मी 23 च का धरले, असं विचाराल. जुन्या कर्जाचे 10 वर्षभरात फेडलेत आणि नव्या-जुन्याचे मिळून 22 येत्या बारा महिन्यांत फेडायचे आहेत, ते चालू देण्यांत गेले. पाच-सहा वर्षांचं कर्ज घेतलं की त्याच वर्षी करंट रेशोला असा धक्का बसतोच. नवं मशीन घेणाऱ्या प्रत्येक छोट्या कारखान्यात हे दिसतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "माल वाढला म्हणून" असं लेखी दिलंत, तर तिकडचा अधिकारी हीच वजाबाकी पाच मिनिटांत मांडेल आणि मग तुमच्या बाकी उत्तरांवरही विश्वास ठेवणार नाही.

मागवाला

आमचे यंत्रमाग आहेत, इचलकरंजीत. आमचा रेशो 2.1 आहे आणि तरी शनिवारी पगाराला पैसे जुळवावे लागतात. म्हणजे हा रेशो बिनकामाचाच म्हणायचा. बँकवाले उगाच त्याच्या मागे लागतात.

सीए_मिरज

मागवाला, तुमचा प्रश्न वेगळा आहे. रेशो चांगला आणि हातात पैसे नाहीत, तर आधी येण्यांची यादी बिलाच्या तारखेप्रमाणे लावा. सहा महिन्यांपूर्वीची बिलं निघतील, पैज लावतो. इथे येणी ठीक दिसतात, विक्रीच्या मानाने फारशी हललेली नाहीत.

जमाखर्ची, माल तीन भागांत फोडून द्या. 98 दिवस या एका आकड्यावरून काहीच कळत नाही.

जमाखर्ची

कास्टिंग आणि बाकी कच्चा माल 38 चा 41 झाला. मशीनवर अर्धवट असलेला 22 चा 38. तयार माल 28 चा 60.

आणखी एक. बँकेच्या पत्रात 78 दिवस लिहिलेत. मी 98 काढले. कोण चुकलं?

सीए_मिरज

कोणीच नाही. त्यांनी मालाला विक्रीने भागलं, तुम्ही विकलेल्या मालाच्या खर्चाने. माल खर्चाच्या भावाने धरलेला असतो, म्हणून खर्चाने भागणं बरोबर. पण उत्तर त्यांच्या पद्धतीने द्या: 52 दिवसांचे 78 झाले. दोन पद्धती एका पत्रात मिसळल्या की तीन फेऱ्यांचा पत्रव्यवहार वाढतो.

आता वाढ कुठे आहे ते बघा. कच्चा माल जवळजवळ जागेवर आहे, म्हणजे खरेदीखात्याला दोष देता येत नाही. वाढीच्या 51 पैकी 32 एकट्या तयार मालात आहेत आणि 16 अर्धवट मालात. तयार माल वाढण्याची दोनच कारणं असतात. एप्रिलमध्ये जाणारी मोठी ऑर्डर मार्चअखेर बनवून ठेवलेली असते, नाहीतर गिऱ्हाइकाने उचल थांबवलेली असते. ताळेबंदात दोन्ही सारखीच दिसतात. फरक एप्रिल-मेच्या बिलांत कळतो. 31 मार्चची तयार मालाची यादी पार्ट नंबरप्रमाणे घ्या आणि त्यासमोर एप्रिल-मे 2025 मध्ये किती नग गेले ते मांडा. एक काळजी घ्या: एप्रिलमध्ये नवे बनलेले नग त्याच पार्ट नंबरखाली जातात, म्हणून गेलेले नग आधी जुन्या शिलकेतून वजा करा.

गोदामराव

याला जोडून. यादी कॉम्प्युटरमधून काढू नका, रॅकवरून काढा. मशीनिंगच्या कारखान्यात रिजेक्शनचे नग एका कोपऱ्यात "रीवर्क" म्हणून पडलेले असतात आणि हिशेबात ते तयार मालाच्याच भावाने बसलेले असतात. ब्लो-होल निघालेलं कास्टिंग रीवर्क होत नाही, ते फौंड्रीला परत जातं. कागदावर मात्र मशीनिंगचा खर्च चढवून ठेवलेलं असतं. लाल रंग मारलेले नग वेगळे मोजा. जॉब वर्कला बाहेर गेलेला माल चलनांवरून मोजा. अर्धवट मालातले 16 लाख तिथेच सापडतील असं मला वाटतं.

जमाखर्ची

दोन दिवस लागले. 60 लाखांच्या तयार मालापैकी 39 लाखांचा मेअखेरपर्यंत गेला. 7 लाखांचा हळूहळू जातोय. 14 लाखांचा एकही नग गेला नाही. तो सगळा एकाच पार्टचा, एका जुन्या पंप मॉडेलचा इम्पेलर. गिऱ्हाइकाने ते मॉडेल बंद केलं. आम्ही शेड्यूल येण्याआधीच बॅच काढली होती, कारण सेटिंग बदलायला वेळ लागतो म्हणून एकदम जास्त बनवतात.

अर्धवट मालाबद्दल गोदामरावांचा अंदाज अर्धा बरोबर. 16 पैकी 9 लाखांचा माल बाहेर कोटिंगला होता. बाकी आमच्याच नव्या व्हीएमसीसमोर थांबलेला. मशीन आलं, पण फिक्स्चर मार्चपर्यंत तयार नव्हती.

अर्धाकप

मग सोपं आहे. 14 लाखांचा माल ताळेबंदात आहेच. दुसऱ्या कुणाला विकेपर्यंत तसाच ठेवा. नुकसान तर अजून झालेलं नाही.

सीए_मिरज

नाही, ते चालत नाही. माल खर्च किंवा विकून मिळणारी निव्वळ रक्कम, यांत जे कमी असेल त्या भावाने दाखवायचा. मॉडेल बंद, दुसरं गिऱ्हाईक नाही, तर उरतो भंगाराचा भाव. समजा 3 लाख येतील. मग 11 लाख नफ्यातून कमी. चालू मालमत्ता 255, रेशो 1.05. हिशेब अजून सही झाले नसतील तर याच वर्षी करा. झाले असतील तर बँकेला पत्रात हा आकडा स्वतःहून सांगा.

आणि एक विचारतो. तयार मालाच्या भावात कारखान्याचा वरखर्च कसा चढवता? गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या व्हॅल्युएशन शीट शेजारी ठेवून बघा.

जमाखर्ची

बघितलं. गेल्या वर्षी साहित्यावर 18 टक्के, यंदा 26 टक्के. व्हीएमसीचा घसारा आणि व्याज धरून दर काढला, असं आधीच्या अकाउंटंटने लिहून ठेवलंय.

सीए_मिरज

व्याज तर काढूनच टाका, अशा रोजच्या मालाच्या भावात ते बसत नाही. घसाऱ्याचं असं की मशीन तीन शिफ्टच्या क्षमतेचं आणि चाललं एक शिफ्ट. पूर्ण घसारा त्या थोड्या नगांवर वाटला की प्रत्येक नग महाग होतो. स्थिर वरखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो. रिकाम्या मशीनचा खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून जातो, गोदामात नाही. आठ टक्क्यांचा फरक म्हणजे तयार आणि अर्धवट माल मिळून पाचेक लाख तरी फुगले असतील. तेवढाच नफाही फुगलाय. माल विकला गेला नाही तरी नफा बरा दिसतो त्याचं एक कारण हेच.

माजी_कर्जअधिकारी

आता धनकोंकडे या. कारखान्यातला ताण खरा तिथे दिसतो. 62 चे 104 झाले. खरेदी किती?

जमाखर्ची

जीएसटी सोडून 320 आणि 345. 104 मध्ये 12 मशीनवाल्याचे आहेत.

माजी_कर्जअधिकारी

धनकोंच्या रकमेत जीएसटी असतो, म्हणून खरेदीतही 18 टक्के धरून भागा. गेल्या वर्षी 60 दिवस. यंदा मशीनवाला वगळून 92 लाख, म्हणजे 82 दिवस. मशीनमध्ये गेलेला पैसा सीसीने पुरवला, सीसी संपली, मग फौंड्रीवाल्यांना थांबवलं. माल, सीसी आणि धनको एकाच वेळी वाढतात तेव्हा गोष्ट बहुधा याच क्रमाने घडलेली असते.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला डीपीचा, म्हणजे माल आणि येणी बघून बँक सीसीतून किती उचलू देते त्या रकमेचा. बँक मालातून मालाचेच धनको वजा करते, मशीनवाला नाही, हे तुमच्या फायद्याचं. 139 मधून न हलणारे 14 काढा आणि 92 वजा करा, उरले 33. त्यावर 25 टक्के मार्जिन सोडून साधारण 25. येणी नव्वद दिवसांच्या आतली किती?

जमाखर्ची

100. सँक्शन लेटरमध्ये येण्यांवर मार्जिन 40 टक्के आहे. मर्यादा 100 लाख.

माजी_कर्जअधिकारी

म्हणजे 60. एकूण डीपी 85 आणि खात्यात उचल 98. मार्चचं स्टॉक स्टेटमेंट काय दिलं होतं?

जमाखर्ची

माल 151, धनको 70. हिशेब बंद होण्याआधी अंदाजाने दिलं होतं.

माजी_कर्जअधिकारी

हाच तो कागद, ज्याने सगळं अडेल. त्या आकड्यांनी डीपी 121 येते, म्हणून मर्यादेइतकी पूर्ण उचल मिळाली. खऱ्या आकड्यांनी ती 85 आहे. माल 12 ने जास्त आणि मालाचे धनको तब्बल 22 ने कमी, याला अंदाज म्हणत नाहीत. बँकेने विचारण्याआधी सुधारित स्टेटमेंट द्या. नंतर सापडलं तर प्रश्न रेशोचा राहत नाही, हेतूचा होतो.

सीए_मिरज

दुसरा खड्डा माझ्या बाजूचा. फौंड्रीवाले उद्यम नोंदणीचे सूक्ष्म किंवा लघु उद्योग असणार. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. मुदत उलटून 31 मार्चला बाकी असलेली रक्कम कलम 43ब(एच) प्रमाणे त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही, दिली त्या वर्षी मिळते. 82 दिवसांच्या सरासरीत असे समजा 30 लाख निघाले, तर फर्मला 31.2 टक्क्यांनी 9.36 लाखांचा कर आत्ताच भरावा लागतो. तो तुमच्या "इतर देणी 18" मध्ये धरलाय का बघा. नसेल तर रेशो आणखी खाली. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही, त्यामुळे पुरवठादारांची यादी वेगळी काढा.

गोदामराव

एवढं सगळं झालं, पण उपाय काय? माल कमी केला की रेशो सुधारेल ना?

माजी_कर्जअधिकारी

नाही सुधारणार. 25 लाखांचा माल कमी करून धनको फेडा. 241 भागिले 217, म्हणजे 1.11. एक पैसा. वजाबाकी तीच 24. माल कमी करायचाच, पण तो फौंड्रीवाल्यांसाठी आणि डीपीसाठी, रेशोसाठी नाही.

बँकेकडे 1.33 चा आग्रह असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेला आकडा आहे. तुमच्या आकाराच्या फर्मला उलाढालीच्या पद्धतीनेही मर्यादा मिळते: उलाढालीच्या 20 टक्के बँकेचे, 5 टक्के तुमचे. 648 चे पाच टक्के 32. तुमच्याकडे 24 आहेत, म्हणजे तिथेही आठने कमी, आणि इम्पेलरचे 11 गेले की आणखी कमी. मोजायची पद्धत बदलून सुटका नाही.

रुतलेला पैसा लांब मुदतीच्या पैशानेच सुटतो. सीसीतले 30 लाख पाच वर्षांच्या वर्किंग कॅपिटल टर्म लोनमध्ये बदलले, तर पहिल्या वर्षीचा 6 चा हप्ता चालू देण्यांत राहून बाकी 24 बाहेर जातात. 266 भागिले 218, रेशो 1.22.

सीए_मिरज

पण हप्ते फेडणार कशातून? नफा आणि घसारा मिळून 37. हप्ते 22 आणि हे 6, झाले 28. उचल 19. बेरीज 47. दरवर्षी दहा लाख पुन्हा सीसीतूनच जातील. भागीदारांनी उचल नऊवर आणली तरच हे जमतं, नाहीतर पुढच्या वर्षी हाच धागा वर येईल. त्यापेक्षा घरच्या मंडळींकडून ठेव आणा आणि टर्म लोन फिटेपर्यंत काढणार नाही असं बँकेला लिहून द्या. बऱ्याच बँका ती भांडवलासारखी धरतात.

माजी_कर्जअधिकारी

बऱ्याच धरतात, सगळ्या नाही. आणि पुढच्या वर्षीचे हप्ते चालू देण्यांत धरायचे की नाही यावरही शाखेनुसार मत बदलतं. ते वगळले तर आजच 1.21 येतो. मी असतो तर दोन्ही आकडे दिले असते.

सीए_मिरज

मी एकच दिला असता, हप्ते धरून. वगळलेला आकडा दिला की पहिला प्रश्न हप्त्यांवरच येतो.

जमाखर्ची

मालकांशी बोललो. मशीनमध्ये सीसीतले 30 लाख गेले हे मान्य केलं, सुधारित स्टॉक स्टेटमेंटलाही हो म्हणाले. इम्पेलरचे 11 लाख खर्ची टाकायला तयार नाहीत, म्हणतात कोणीतरी घेईल. उचलीवर अजून बोलणं झालेलं नाही, दुसरे भागीदार शनिवारी येतात. पत्राचा मसुदा शुक्रवारी इथे टाकतो.

गोदामराव

इम्पेलरच्या बोअरचा व्यास आणि मटेरियल टाका. बोअर मोठा करून दुसऱ्या मॉडेलला बसत असेल तर भंगार करायच्या आधी एक नग मशीनवर चढवून बघा. मात्र मशीनिंग झाल्यावर बॅलन्सिंग पुन्हा करावं लागेल, तो खर्च धरून 3 लाखांपेक्षा जास्त सुटतात का ते मोजा.